डॉक्टरांचे सलग डिक्टेशन चार मथळ्यांत मांडताना वाक्य नेमके कुठे तोडावे?

लेखनिक_सोलापूर
नमस्कार. मी सोलापुरात एका छातीरोगाच्या दवाखान्यात दीड वर्षापासून टंकलेखनाचे काम करते. डॉक्टरसाहेब रुग्ण बाहेर गेल्यावर फोनवर सलग बोलून नोंद ठेवतात आणि मी ती ऐकून केसपेपरवर तक्रारी, तपासणी, निदान आणि योजना अशा चार मथळ्यांखाली लिहिते. गेल्या आठवड्यात माझा एक कागद पाच ठिकाणी लाल वर्तुळे करून परत आला. साहेब गडबडीत होते, त्यामुळे कारण विचारता आले नाही. वर्तुळे निदानावर, मेटफॉर्मिनवर, साखरेच्या आकड्यावर, "हृदय, पोट सामान्य" या शब्दांवर आणि तक्रारींच्या पहिल्या ओळीवर होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून मूळ डिक्टेशन खाली देत आहे.

"बावन्न वर्षांच्या बाई, विडीचे काम, तीन आठवडे खोकला, आधी कोरडा, आता पाच-सहा दिवस बेडका पडतो, रक्त नाही. संध्याकाळी अंग गरम होते म्हणतात, घरी ताप मोजलेला नाही. वजन उतरले असे वाटते, ब्लाउज सैल होतात. दिराला गेल्या वर्षी टीबीची औषधे होती, एकाच घरात राहतात. डायबेटिस सहा वर्षे, मेटफॉर्मिन पाचशे दोन वेळा, घरच्या मशीनवर काल उपाशीपोटी एकशे ऐंशी. आज ताप नाही, पल्स शहाण्णव, बीपी एकशे तीस ब्याऐंशी, ऑक्सिजन सत्त्याण्णव, वजन चव्वेचाळीस. छातीत डावीकडे वर, नाही, उजवीकडे वर क्रेप्स आहेत, बाकी साफ. रूल आउट टीबी, नाहीतर ब्राँकायटिस. बेडक्याचे दोन नमुने सीबीनॅटला, छातीचा एक्स-रे, एचबीएवनसी. मेटफॉर्मिन तेच, एचबीएवनसी जास्त आला तर वाढवू. रिपोर्ट येईपर्यंत लिव्होफ्लॉक्स द्यायचे नाही. मास्क, तीन दिवसांनी या."

मी केलेली मांडणी अशी होती.

तक्रारी: तीन आठवडे खोकला, बेडका, ताप, वजन कमी. मधुमेह सहा वर्षे.
तपासणी: पल्स ९६, बीपी १३०/८२, ऑक्सिजन ९७, वजन ४४ किलो, उपाशीपोटी साखर १८०. छातीत उजवीकडे वर क्रेप्स. हृदय, पोट सामान्य.
निदान: टीबी. मधुमेह.
योजना: सीबीनॅट, एक्स-रे, एचबीएवनसी. मेटफॉर्मिन वाढवणे. मास्क. तीन दिवसांनी तपासणी.

माझा प्रश्न असा आहे की जे वाक्य दोन मथळ्यांत बसते किंवा कुठेच नीट बसत नाही, ते तोडायचे कसे?

सात_रस्ता
निदानाचे वर्तुळ तर उघड आहे. साहेबांनी "रूल आउट टीबी" म्हटले आहे, म्हणजे टीबी नाही असे त्यांनी ठरवले आहे. तुम्ही नेमके उलटे लिहिले आहे.

ओपीडीत_पंचवीस_वर्षे
सात_रस्ता, लेखनिकताईंचे "टीबी" जितके चुकीचे आहे तितकाच हा अर्थही चुकीचा आहे. ही गल्लत नव्या टंकलेखकांकडून मी अनेकदा पाहिली आहे. आपल्याकडचे डॉक्टर "रूल आउट टीबी" म्हणतात तेव्हा त्यांना "टीबीची शंका आहे, ती तपासून आधी निकालात काढायची आहे" असे म्हणायचे असते. तपासणी होऊन टीबी नाही असे ठरलेले असते तर ते "टीबी रूल्ड आउट" म्हणाले असते. बोलण्यात फरक एका अक्षराचा आहे, पण अर्थ विरुद्ध आहे. ऐकताना शंका आली तर पुढची योजना वाचावी. टीबी नाही असे ठरले असते तर बेडक्याचे दोन नमुने सीबीनॅटला कशासाठी पाठवले असते? म्हणून निदानाच्या मथळ्याखाली "टीबीची शंका, तपासणी बाकी, दुसरी शक्यता ब्राँकायटिस" असे पूर्ण लिहावे लागते.

येथे आणखी एक गोष्ट आहे. क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. कागदावर नुसते "टीबी" लिहिले तर तो कागद पुढे कोणाच्या हातात जाईल आणि त्यावरून काय केले जाईल, हे आपल्या हातात राहत नाही. विडीच्या कारखान्यात आणि वस्तीत त्या बाईंकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील, हे सोलापूरच्या माणसाला सांगण्याची गरज नाही.

मंगळवेढेकर
माझ्या आईच्या डिस्चार्ज कार्डावरचे हस्ताक्षर आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही. औषध रात्री द्यायचे की सकाळी, हे तीन दुकानदारांनी तीन प्रकारे सांगितले. असे कागद टाइप करून देण्याची सोय कुठे आहे का?

लेखनिक_सोलापूर
मंगळवेढेकर, माझा प्रश्न डॉक्टरांनी बोललेल्या मजकुराच्या मांडणीचा आहे, हस्ताक्षर वाचण्याचा नाही. औषधाच्या वेळेबद्दल मात्र दुकानदाराला न विचारता ज्या दवाखान्याने कार्ड दिले तेथेच आज फोन करून विचारावे, ही विनंती.

नोंदकक्ष
मी एका रुग्णालयाच्या नोंदकक्षात काम करतो, म्हणून निदानाच्या मुद्द्याला जोडून थोडे लिहितो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीला वैद्यकीय नोंदीचा एक नमुना जोडलेला आहे. त्यात प्राथमिक निदान ही एक जागा आहे, नंतर सुचवलेल्या तपासण्या आणि त्यांचे अहवाल आहेत, आणि त्यानंतर तपासणीअंती झालेले निदान ही वेगळी जागा आहे. शंका आणि निष्कर्ष एकाच शब्दात मिसळू नयेत, ही दक्षता त्या नमुन्यातच घेतलेली आहे. आपल्या चार मथळ्यांत मात्र निदानासाठी एकच जागा असते, त्यामुळे खात्री किती आहे हे शब्दांतच उतरवावे लागते.

सात_रस्ता
मग हे चार मथळेही त्याच नियमाने बंधनकारक केलेले आहेत का? आमच्याकडे तसे सांगतात.

नोंदकक्ष
नाहीत. त्या नमुन्यातील मथळे वेगळे आहेत. चार भागांची ही पद्धत लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांच्या कामातून आली आहे. रुग्णाच्या प्रत्येक समस्येनुसार नोंद ठेवावी असा त्यांचा आग्रह होता आणि १९६८ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. आपण मथळे उचलले आणि समस्येनुसार मांडणी मात्र मागे राहिली. लेखनिकताईंच्या कागदावर एचबीएवनसी ही तपासणी सीबीनॅटच्या शेजारी उभी आहे, पण ती खोकल्यासाठी नाही, मधुमेहासाठी आहे. निदानाखाली पहिली समस्या खोकला आणि दुसरी मधुमेह असे क्रमांक टाकून योजनेतही तेच क्रमांक ठेवले, तर कोणती तपासणी कशासाठी आहे हे तीन दिवसांनी कागद हातात घेणाऱ्याला विचारावे लागत नाही.

ओपीडीत_पंचवीस_वर्षे
आता मेटफॉर्मिनकडे येतो, कारण पाचही वर्तुळांत ते सर्वांत धोक्याचे आहे. साहेबांचे वाक्य "मेटफॉर्मिन तेच, एचबीएवनसी जास्त आला तर वाढवू" असे आहे. कागदावर त्यातला "तर" गळाला आणि "वाढवणे" एवढेच उरले. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी हा कागद पाहिला तर डोस आधीच वाढवलेला आहे असे ते धरून चालतील. सलग बोलणे मथळ्यांत बसवताना आपण नाम आणि आकडा उचलतो आणि त्याला चिकटलेले "नाही", "तर", "म्हणतात", "वाटते", "असू शकतो" हे छोटे शब्द जागेवरच सोडून येतो. तुमच्या कागदावरच्या बहुतेक चुका या एकाच प्रकारच्या आहेत. "अंग गरम होते म्हणतात, घरी मोजलेले नाही" याचे "ताप" झाले. "वजन उतरले असे वाटते" याचे "वजन कमी" झाले. पहिल्या ओळीवरचे वर्तुळ त्यासाठीच असावे.

वाक्य कुठे तोडावे, याचे माझे उत्तर असे आहे की ते नामाशी तोडू नये. ही गोष्ट कोणी सांगितली, ती आहे की नाही आणि ती कशावर अवलंबून आहे, हे तिन्ही सोबत घेऊनच तुकडा उचलावा. तुकडा लांबला तरी चालेल.

लेखनिक_सोलापूर
हे वाचून माझ्या लक्षात आले की "रक्त नाही" हे शब्द मी पूर्ण गाळले. जे नाही ते कशाला लिहायचे, असा विचार मी केला होता. लिव्होफ्लॉक्सही त्याच कारणाने लिहिले नाही, कारण ते द्यायचेच नव्हते.

ओपीडीत_पंचवीस_वर्षे
ताई, डॉक्टरांनी विचारून मिळवलेला "नाही" ही माहिती असते. खोकल्याच्या रुग्णाला बेडक्यात रक्त पडते का, हे विचारले गेले आणि उत्तर नाही असे आले. ते गाळले तर पुढच्या वाचणाऱ्याला विचारलेच नव्हते असे वाटते.

लिव्होफ्लॉक्सचा "नाही" तर योजनेचा कणा आहे. ते औषध ज्या गटातले आहे त्या गटाचा टीबीच्या जंतूंवरही काही परिणाम होतो. अशा खोकल्यात ते आधी दिले तर रुग्णाला तात्पुरते बरे वाटते, बेडक्याच्या तपासणीत जंतू न सापडण्याची शक्यता वाढते आणि खरे निदान लांबते. दोन दिवसांनी खोकला वाढला म्हणून त्या बाई घराजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि तुमचा कागद दाखवला, तर त्यावर ही ओळ असणे फार आवश्यक आहे. त्यावर वर्तुळ नव्हते ते एवढ्यासाठीच, की जे कागदावर आलेच नाही त्याला वर्तुळ करता येत नाही. दीरही असेच गळाले आहेत. एकाच घरात गेल्या वर्षी टीबीचा रुग्ण होता, ही तर शंकेमागची मोठी बाजू आहे.

परिचारिकाताई
"हृदय, पोट सामान्य" हे कुठून आले ते मी सांगू शकते, कारण आमच्या संगणकावरच्या नमुन्यातही त्या चौकटी आधीच भरलेल्या येतात. डॉक्टर छातीबद्दल बोलत असताना "बाकी साफ" म्हणाले. त्याचा अर्थ छातीचा बाकीचा भाग साफ आहे एवढाच धरता येतो. पोटाला हात लावला होता की नाही, हे त्या शब्दांतून कळत नाही. चौकट रिकामी दिसते म्हणून ती भरू नये. तेथे "नोंद नाही" असे लिहावे आणि डॉक्टरांना सहीच्या वेळी भरू द्यावे. तपासलेच नाही आणि तपासून सामान्य आढळले, या दोन गोष्टी कागदावर सारख्या दिसता कामा नयेत.

डावीकडची दुरुस्ती तुम्ही बरोबर ओळखली, हे मला विशेष वाटले. आमच्याकडे अशाच वाक्याचे एकदा "दोन्ही बाजूंना" झाले होते.

पूर्वभागातला
मी दवाखान्यात काम करत नाही, पण माझ्या आजीचा अनुभव येथे लागू पडेल असे वाटते. आमच्या घरी तेलुगू बोलतात. आजीने डॉक्टरांना "आयासम" होते असे सांगितले. डॉक्टरांनी तिचा शब्द तसाच डिक्टेशनमध्ये ठेवला आणि लिहिणाऱ्याने मराठी "आयास" समजून तक्रारींत "काम केल्यावर थकवा" असे लिहिले. तेलुगूत आजी धाप लागते असे सांगत होती. पुढच्या भेटीत दुसऱ्या डॉक्टरांनी कागद वाचून थकव्याचीच चौकशी केली आणि आजी पुन्हा पुन्हा छातीकडे हात दाखवत राहिली.

परिचारिकाताई
अशा वेळी रुग्णाचा शब्द जसाच्या तसा अवतरणचिन्हांत ठेवावा आणि पुढे अर्थ डॉक्टरांना विचारून लिहावा. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारे रुग्ण एकाच रांगेत बसलेले असतात. तक्रारींचा मथळा रुग्णाच्या शब्दांसाठीच आहे, तेथे आपण भाषांतर करण्याची घाई करू नये.

सात_रस्ता
माझे आधीचे मत चुकले, हे मान्य करतो. आकड्यांबद्दल एक विचारतो. "सत्त्याण्णव" आणि "सत्त्याऐंशी" फोनच्या रेकॉर्डिंगवर सारखेच ऐकू येतात. ऑक्सिजन ९७ आणि ८७ यांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही खात्री कशी करता?

लेखनिक_सोलापूर
मी आकडा ऐकल्यावर योजना पाहते. ऑक्सिजन ८७ असता तर साहेबांनी रुग्णाला मास्क देऊन तीन दिवसांनी बोलावले नसते, थेट दाखल केले असते. तपासणी आणि योजना एकमेकींशी जुळत नसतील तर बहुधा माझे ऐकणे चुकलेले असते. तरीही अंदाजाने आकडा दुरुस्त करत नाही. रेकॉर्डिंगमधील त्या जागेची वेळ समासात टाकते आणि साहेबांना विचारते. आता मी त्यांना आकडे दोनदा बोलण्याची विनंती केली आहे, एकदा "सत्त्याण्णव" आणि एकदा "नऊ सात".

नोंदकक्ष
ही सवय फार चांगली आहे. आमच्याकडे आणखी एक पडताळणी असते. मांडणी झाल्यावर मूळ डिक्टेशनचा सलग मजकूर समोर ठेवतो आणि त्यातला जो तुकडा कागदावर सापडला त्याखाली पेन्सिलने रेघ मारतो. शेवटी ज्याखाली रेघ नाही ते गळालेले असते. मग उलट बाजूने कागदावरचा प्रत्येक शब्द डिक्टेशनमध्ये शोधतो, आणि जो सापडत नाही तो आपण भरलेला असतो. ताईंच्या कागदावर पहिल्या फेरीत दीर, "रक्त नाही", "आज ताप नाही" आणि लिव्होफ्लॉक्स सापडले असते, आणि दुसऱ्या फेरीत "हृदय, पोट सामान्य" सापडले असते. एका कागदाला चार-पाच मिनिटे लागतात. ज्या दिवशी पन्नास रुग्ण असतात त्या दिवशी ही मिनिटे कुठून आणायची, हा प्रश्न मात्र खरा आहे.

लेखनिक_सोलापूर
तुम्हा सर्वांच्या उत्तरांवरून मांडणी पुन्हा केली आहे. कृपया पाहावी.

तक्रारी, रुग्णाने सांगितल्याप्रमाणे: वय ५२, विडीकाम. तीन आठवडे खोकला, आधी कोरडा, पाच-सहा दिवसांपासून बेडका, रक्त नाही. संध्याकाळी अंग गरम होते असे म्हणतात, घरी ताप मोजलेला नाही. वजन उतरल्यासारखे वाटते, ब्लाउज सैल होतात. दिराला गेल्या वर्षी टीबीची औषधे होती, एकाच घरात राहतात. मधुमेह सहा वर्षे, मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोन वेळा. घरच्या मशीनवर काल उपाशीपोटी साखर १८०.
तपासणी, आज: ताप नाही. पल्स ९६, बीपी १३०/८२, ऑक्सिजन ९७, वजन ४४ किलो. छातीत उजवीकडे वर क्रेप्स, छातीचा बाकी भाग साफ. हृदय, पोट: नोंद नाही.
निदान: १. खोकला: टीबीची शंका, तपासणी बाकी, दुसरी शक्यता ब्राँकायटिस. २. मधुमेह.
योजना: १. बेडक्याचे दोन नमुने सीबीनॅटला, छातीचा एक्स-रे. रिपोर्ट येईपर्यंत लिव्होफ्लॉक्स द्यायचे नाही. मास्क. २. एचबीएवनसी. मेटफॉर्मिन तेच चालू. एचबीएवनसी जास्त आला तर वाढवण्याचा विचार. तीन दिवसांनी पुन्हा.

ओपीडीत_पंचवीस_वर्षे
एक शब्द सोडला तर हा कागद मी सही करून पुढे पाठवीन. साहेब "वाढवू" म्हणाले आहेत आणि तुम्ही "वाढवण्याचा विचार" लिहिले आहे. आधी तुम्ही त्यांचे म्हणणे पक्के केले होते, आता थोडे मऊ केले आहे. "जास्त आला तर वाढवू" हेच ठेवा.

परिचारिकाताई
मला साखरेची जागा पटत नाही. १८० हा मशीनवरचा आकडा आहे, कोणाची भावना नाही. तो तक्रारींत पुरला तर मधुमेहाचा आढावा घेणारे डॉक्टर तपासणीखाली आकडा शोधतील आणि त्यांना तो मिळणार नाही. तपासणीखाली "घरी मोजलेली, कालची" असे लिहून तो ठेवावा, असे माझे मत आहे.

ओपीडीत_पंचवीस_वर्षे
ताई, मी तो तक्रारींतच ठेवतो. मशीन कोणते, पट्टी जुनी होती का, बाई खरोखर उपाशी होत्या का, यातले काहीच आपण पाहिलेले नाही. तपासणीखालच्या प्रत्येक ओळीबद्दल "हे आज येथे पाहिले" असे मला म्हणता आले पाहिजे. रुग्णाने मशीनच आणून त्यातली आकड्यांची यादी दाखवली तर मात्र मी तुमच्या बाजूने येईन.

परिचारिकाताई
बहुतेक रुग्ण आकडा वहीत लिहून आणतात, मशीन आणत नाहीत. मग वही पाहिली तर ती कुठे धरायची?

नोंदकक्ष
आमच्याकडेच दोन विभागांत दोन पद्धती आहेत. मोजमाप कोणी, कुठे आणि कधी घेतले हे लिहिलेले असले तर आकडा हरवत नाही, असा माझा अनुभव आहे. पण एका दवाखान्यात जागा एकच असावी, नाहीतर मागचे कागद जुळत नाहीत.

लेखनिक_सोलापूर
आज साहेबांना विचारले. लाल वर्तुळ "घरच्या मशीनवर काल" हे शब्द गळाल्याबद्दल होते असे ते म्हणाले. जागेबद्दल ते स्वतः थोडे थांबले आणि सध्या तक्रारींतच ठेव म्हणाले. रुग्णाची वही समोर असेल तेव्हा काय करायचे, ते सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवणार आहेत. "वाढवू" हा शब्द मी परत आणला आहे.